यादीतली दोन नावं
(प्रस्तावना)

जी-सिक्स-पीडी नावाचं विकर रक्तात कमी आहे असा रिपोर्ट आला, की घरच्यांच्या हातात एक कागद येतो. बहुतेक वेळा तो झेरॉक्सची झेरॉक्स असतो. त्यावर टाळायच्या औषधांची साठ-सत्तर नावं दाटीवाटीने छापलेली असतात. त्यांत हिवतापाच्या गोळ्या असतात, सल्फा असतात, ॲस्पिरिन असतं, जीवनसत्त्व क असतं, आणि तळाशी कुणीतरी पेनाने वाल आणि पावटाही लिहिलेला असतो. (वाल-पावट्याचा इथे काही संबंध नाही. ज्या बियांनी या लोकांच्या रक्तपेशी फुटतात तो बाकला वेगळा, भूमध्य समुद्राकाठच्या देशांत घरोघरी खाल्ला जाणारा.) हा कागद काही घरांत इतका गांभीर्याने पाळला जातो, की ताप चढला तरी पॅरासिटमॉल द्यायला हात धजावत नाही. काही घरांत तो दोन-तीन वर्षांत हरवतो, आणि पंचविशीतला तरुण त्वचेच्या डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा या कागदाची आठवण कुणालाच नसते.

हे छोटं पुस्तक सर्वसाधारण प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, औषधविक्रेते आणि असे रुग्ण असलेली कुटुंबं यांच्यासाठी आहे. रक्ताच्या आजारांवर काम करणारा माणूस म्हणून मला त्याची प्रस्तावना लिहायला सांगितलं, तेव्हा सगळी यादी पुन्हा उगाळण्यापेक्षा तिच्यातल्या दोनच नावांपाशी थांबावं असं वाटलं. डॅप्सोन आणि नायट्रोफ्युरॅन्टोइन ही ती दोन नावं. दोन्ही जंतूंविरुद्धची औषधं, दोन्ही जुनी आणि स्वस्त, दोन्ही यादीत शेजारीशेजारी छापलेली. पण त्यांचा धोका सारखा नाही. का नाही, हे एकदा नीट समजलं की उरलेली यादी वाचायची नजर येते.

आधी पेशीकडे पाहू. लाल रक्तपेशी मज्जेतून बाहेर पडते ती केंद्रक टाकून देऊनच, आणि एक-दोन दिवसांत उरलासुरला आतला संसारही गमावते. नवीन प्रथिनं बनवण्याची सोय तिला उरत नाही. जन्माला येताना जेवढी विकरं बरोबर घेतली, तेवढ्यांवर तिने साधारण १२० दिवस काढायचे असतात. शिवाय तिच्या पोटात लोह आणि प्राणवायू एकत्र ठासून भरलेले, म्हणजे ऑक्सिडीकरणाचा धोका कायमचा. त्यापासून वाचण्यासाठी पेशीकडे ग्लुटाथायोन नावाचा एक छोटा रेणू असतो. तो घातक ऑक्सिडीकारक रेणूंना निकामी करतो आणि तसं करताना स्वतः खर्ची पडतो. त्याला पुन्हा कामाला लावायला एनएडीपीएच लागतं. शरीरातल्या इतर पेशींना ते मिळवायच्या दोन-तीन वाटा आहेत. लाल पेशीला एकच आहे, आणि त्या वाटेवरचं पहिलं विकर म्हणजे जी-सिक्स-पीडी.

हे विकर कमी असलेला माणूस एरवी ठणठणीत असतो, कारण रोजच्या मागणीला कमी विकरही पुरतं. औषधामुळे ही मागणी अचानक दहापट झाली, की ग्लुटाथायोन संपतं, हिमोग्लोबिनच्या साखळ्या बिघडून त्यांचे गोळे होतात आणि पेशीच्या आवरणाला आतून चिकटतात. प्लीहा अशा पेशीतला तो गोळा उपटून काढते. सूक्ष्मदर्शकाखाली मग कडेचा चावा घेतल्यासारख्या पेशी दिसतात. आघात जोराचा असेल तर पेशी प्लीहेपर्यंत पोचायच्या आधी रक्तवाहिनीतच फुटतात, हिमोग्लोबिन रक्तद्रवात सांडतं आणि मूत्रपिंडातून लघवीत उतरतं.

सगळ्या पेशी मात्र एकदम फुटत नाहीत, आणि या एका गोष्टीवर पुढचं बरंच काही उभं आहे. विकर पेशीच्या वयाबरोबर झिजतं. सदोष प्रकारात ते जास्त वेगाने झिजतं. त्यामुळे महिन्याभराच्या कोवळ्या पेशीत ते बऱ्यापैकी असतं आणि तीन महिन्यांच्या म्हाताऱ्या पेशीत जवळजवळ नसतंच. औषधाचा मारा होतो तेव्हा आधी म्हाताऱ्या पेशी जातात.

हे कळलं ते अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात. दुसऱ्या महायुद्धापासून तिथल्या कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग चालू होते. बंदिवासातल्या माणसाच्या संमतीला कितपत अर्थ असतो, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आज तो अधिक टोचतो. शिकागो विद्यापीठाच्या आल्विंग यांच्या गटाला दिसलं की प्रायमाक्विन दिल्यावर काही कृष्णवर्णीय कैद्यांच्या रक्तपेशी फुटतात, इतरांच्या नाही. दोष पेशीत की बाकी शरीरात, हे पाहायला त्यांनी पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्यांची अदलाबदल केली. संवेदनशील माणसाच्या पेशी निरोगी माणसात घातल्या आणि प्रायमाक्विन दिलं, तर त्या पेशी फुटल्या. निरोगी पेशी संवेदनशील माणसात घातल्या, तर त्या टिकल्या. म्हणजे दोष पेशीतच होता. १९५६ मध्ये कार्सन आणि सहकाऱ्यांनी तो दोष जी-सिक्स-पीडीचा असल्याचं दाखवलं. त्याच काळात हेही दिसलं की औषध चालूच ठेवलं तरी काही दिवसांनी रक्त सावरायला लागतं, कारण उरलेल्या आणि नव्याने येणाऱ्या पेशी कोवळ्या असतात.

हे सावरणं आफ्रिकी वंशात आढळणाऱ्या सौम्य प्रकाराचं वैशिष्ट्य आहे. आपल्याकडे प्रामुख्याने तीन प्रकार सापडतात: मेडिटरेनियन, ओरिसा आणि केरळ-कल्याण. तिसऱ्याच्या नावातलं कल्याण म्हणजे मुंबईजवळचंच, आणि तो प्रकार नोंदला गेला तो एका कोळी कुटुंबात. मेडिटरेनियन प्रकारात कोवळ्या पेशींतही विकर फारच थोडं असतं. तिथे औषध चालू ठेवून रक्त आपोआप सावरेल अशी आशा धरता येत नाही. स्टेटव्हिलमधला दिलासा जसाच्या तसा परळच्या किंवा पालघरच्या वॉर्डात आणणं म्हणूनच धोक्याचं. पारशी समाजात आणि काही आदिवासी समूहांत ही कमतरता इतरांपेक्षा बरीच जास्त दिसते, तेव्हा रुग्णाचं कुळगोत्र विचारण्याला इथे वैद्यकीय कारण आहे.

आता डॅप्सोन. हा पदार्थ जर्मनीत १९०८ साली तयार झाला आणि कुष्ठरोगावरचं औषध म्हणून १९४० च्या दशकात पुढे आला. महाराष्ट्रात वरोऱ्यापासून वडाळ्यापर्यंत कुष्ठरोगाचं जे काम झालं, त्यातल्या किती पिढ्यांनी ही पांढरी गोळी गिळली असेल याची गणती नाही. आजही बहुविध औषधोपचाराच्या पाकिटात प्रौढासाठी रोजची १०० मिलिग्रॅमची डॅप्सोन असते. शिवाय त्वचारोगतज्ज्ञ ती इतर अनेक दुखण्यांवर देतात, कारण जंतू मारण्याखेरीज तिला दाह शमवण्याचाही गुण आहे. सल्फा सोसत नाही अशा एचआयव्हीबाधितांना एका विशिष्ट न्यूमोनियापासून वाचवायलाही ती दिली जाते.

पेशी फोडते ती मूळ डॅप्सोन नव्हे. यकृतात तिच्यापासून हायड्रॉक्सिलअमाइन नावाचं रूप तयार होतं, आणि खरा कारभार त्याचा. ते लाल पेशीत शिरतं, हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं ऑक्सिडीकरण करून त्याचं मेटहिमोग्लोबिन करतं, स्वतः बदलतं आणि पेशीच्याच ग्लुटाथायोनच्या मदतीने पुन्हा मूळ रूपात येऊन दुसरी फेरी सुरू करतं. एक रेणू अशा कितीतरी फेऱ्या मारतो. त्यात डॅप्सोन शरीरातून सावकाश जाते. रक्तातली तिची पातळी निम्मी व्हायला दिवसभराहून अधिक लागतो. म्हणजे गोळी बंद केल्यावरही बरेच दिवस मारा चालू राहतो.

डॅप्सोनच्या बाबतीत मात्रेला फार महत्त्व आहे. रोज २०० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं, तर विकर पुरेसं असलेल्या माणसाच्याही पेशी फुटू लागतात. १०० मिलिग्रॅमवरही धडधाकट माणसाचं हिमोग्लोबिन एक-दीड ग्रॅमने उतरणं नवलाचं नाही. विकर कमी असलेल्याला तीच उतरण साधारण निम्म्या मात्रेत गाठता येते. म्हणून विकर कमी असणाऱ्यासाठी डॅप्सोनची सुरक्षित मात्रा शोधत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. इथे धोका थोडाफार सगळ्यांनाच आहे; यांच्यात तो फक्त फार लवकर गाठला जातो.

याची किंमत एका औषधाने चांगलीच मोजली. क्लोरप्रोग्वानिल आणि डॅप्सोन यांची जोडगोळी लॅपडॅप या नावाने २००३ मध्ये आफ्रिकेतल्या हिवतापासाठी आली. डॅप्सोन दर किलो वजनामागे अडीच मिलिग्रॅम, आणि तीही फक्त तीन दिवस. एवढ्याने काय होणार, असा हिशेब असावा. पुढे तिच्यात आर्टेसुनेट मिसळून केलेल्या मोठ्या चाचण्यांत विकर कमी असलेल्या मुलांचं हिमोग्लोबिन झपाट्याने उतरलेलं दिसलं. काहींना रक्त द्यावं लागलं. २००८ मध्ये निर्मात्या कंपनीने नव्या मिश्रणाचं काम थांबवलं आणि बाजारातलं लॅपडॅपही मागे घेतलं. हिवतापाने आधीच रक्त उतरलेलं मूल आणि त्यावर डॅप्सोन, ही गाठ तीन दिवसांतही जड जाते.

प्रत्यक्षात हे कसं उलगडतं, ते एका रुग्णाच्या रूपाने पाहू. रुग्ण कल्पित आहे. आकडे असे रुग्ण पाहणाऱ्यांना ओळखीचे वाटतील. वय ३२, वजन ६४ किलो, पायांवर वारंवार उठणारं लालसर पुरळ. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा दाह असं निदान होऊन सोमवारी डॅप्सोन १०० मिलिग्रॅम रोज सुरू झाली. त्या दिवशी हिमोग्लोबिन १४.२. विकराची चाचणी लिहिली होती, पण रिपोर्ट यायच्या आधी गोळ्या घ्यायला हरकत नाही असं ठरलं, आणि चाचणी राहूनच गेली. बुधवारी रात्री कंबर भरून आली, दम लागू लागला. गुरुवारी सकाळी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. शुक्रवारी डोळे पिवळे. गल्लीतल्या लॅबमध्ये बिलिरुबिन ४.१ आलं, यकृताची इतर विकरं ठीक आली, आणि घरात कावीळ हा शब्द उमटला.

इथे गाडी रूळ सोडते. कावीळ म्हटल्यावर यकृत, यकृत म्हटल्यावर उसाचा रस, पथ्य आणि कुठल्यातरी गावचा झाडपाला. पुरळाच्या गोळीचा आणि काविळीचा संबंध जोडायला कुणाला सुचत नाही, म्हणून गोळी चालूच राहते. शुक्रवारचा रिपोर्ट नीट वाचला असता तर दिसलं असतं की वाढलेलं बिलिरुबिन जवळजवळ सगळं अप्रत्यक्ष प्रकारचं आहे, म्हणजे यकृतापर्यंत कच्चा मालच जास्त येतो आहे. त्याच दिवशीचं हिमोग्लोबिन ११.१ होतं. चार दिवसांत तीन ग्रॅम उतरणं यकृताच्या साध्या काविळीत होत नाही.

पुढच्या सोमवारी तो रुग्णालयात आला तेव्हा हिमोग्लोबिन ८.३. नव्या पेशींचं प्रमाण, म्हणजे रेटिक काउंट, ९ टक्के. मज्जा जागी होऊन भरपाई करू लागली होती. रक्ताच्या काचपट्टीवर त्या चावलेल्या पेशी. लघवीच्या पट्टीवर रक्त ठळक, पण सूक्ष्मदर्शकाखाली लघवीत लाल पेशी जवळजवळ नाहीत. पट्टी ज्याला रक्त म्हणते ते फुटलेल्या पेशींतलं मोकळं हिमोग्लोबिन होतं. बोटावरचा ऑक्सिमीटर ८९ दाखवत होता, छाती मात्र स्वच्छ, आणि धमनीतल्या रक्तातला प्राणवायू पुरेसा. हा विरोधाभास मेटहिमोग्लोबिनचा. मोजल्यावर ते १२ टक्के निघालं.

उपचार सरळ होते. डॅप्सोन बंद, शिरेतून पुरेसं पाणी, लघवीच्या प्रमाणावर आणि क्रिएटिनिनवर लक्ष, फॉलिक ॲसिड, आणि रक्त तयार ठेवून रोज हिमोग्लोबिन. ते ७.६ वर थांबलं आणि वर येऊ लागलं, रक्त द्यावं लागलं नाही. ७ च्या खाली गेलं असतं किंवा छातीत दुखू लागलं असतं तर थांबता आलं नसतं.

एक चूक मात्र इथे सहज घडू शकली असती. मेटहिमोग्लोबिन वाढलं की पुस्तकी उतारा मिथिलिन ब्लू. १२ टक्क्यांवर तो लागत नाही, पण समजा ते ३० टक्के असतं आणि रुग्ण निळा पडला असता, तर तातडीच्या विभागात हात तिकडेच गेला असता. मिथिलिन ब्लू काम करतं ते एनएडीपीएचच्या जोरावर, आणि या पेशींत नेमकं तेच नाही. तिथे ते मेटहिमोग्लोबिन उतरवत तर नाहीच, उलट स्वतःच ऑक्सिडीकारक होऊन उरलेल्या पेशी फोडतं. अशा वेळी प्राणवायू, सांभाळून दिलेलं जीवनसत्त्व क आणि गरज पडल्यास रक्त यांवरच भागवावं लागतं. (हो, तेच जीवनसत्त्व क, जे यादीत वर्ज्य म्हणून छापलेलं असतं. ग्रॅम-ग्रॅमने शिरेतून दिल्यावर त्यानेही पेशी फुटल्याच्या नोंदी आहेत. संत्री खाऊन कुणाचं काही बिघडलेलं नाही.)

विकराची चाचणी अखेर त्या दुसऱ्या सोमवारी झाली, आणि आली सामान्य! निवासी डॉक्टरांनी कागदावर कमतरता नाही असं लिहून टाकलं. आपल्याकडे सर्वत्र होणारी साधी चाचणी म्हणजे रक्ताचा थेंब अभिक्रियाकाबरोबर गाळणकागदावर टिपायचा आणि अतिनील प्रकाशात तो चमकतो का ते पाहायचं. चमकला तर विकर आहे. पण आठ दिवसांत म्हाताऱ्या पेशी फुटून गेलेल्या होत्या. उरलेल्या पेशी तरुण आणि त्यांत नव्याकोऱ्यांची भर, त्यामुळे ठिपका चमकला. तपासलं गेलं ते वाचलेल्या पेशींचं रक्त, आणि वाचल्या त्या विकर बरं होतं म्हणूनच. तीव्र मेडिटरेनियन प्रकारात कोवळ्या पेशीही रित्या असल्याने कमतरता अशा वेळीही बहुधा पकडली जाते. मधल्या प्रकारांत ती निसटते. या रुग्णाची मोजणीची चाचणी तीन महिन्यांनी झाली तेव्हा विकर सामान्याच्या पंचवीस टक्क्यांच्या आसपास निघालं. पेशी फुटत असताना आलेला सामान्य रिपोर्ट हा रिपोर्टच धरू नये, आणि कागदावर पुन्हा तपासणीची तारीख टाकूनच रुग्णाला घरी सोडावं. रक्त चढवलेलं असेल तर दुसऱ्याच्या पेशी चाचणीत मिसळतात, हेही ध्यानात ठेवावं.

अशा माणसाला कुष्ठरोग असला तर वाट बंद होत नाही. डॅप्सोन वगळून रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन यांवर उपचार पुरे करता येतात. त्वचेच्या इतर दुखण्यांत तर पर्याय असतातच. म्हणून डॅप्सोनबद्दल माझं मत सरळ आहे: विकर कमी असल्याचं माहीत असेल तर देऊ नये, आणि माहीत नसेल तर रिपोर्ट हातात आल्यावर सुरू करावी. ज्या दुखण्यांवर त्वचारोगतज्ज्ञ ती देतात त्यांत चार दिवसांनी काही बिघडत नाही. कुष्ठरोग कार्यक्रमात प्रत्येकाची आधी चाचणी होत नाही, तिथे निदान पहिल्या पंधरवड्यात लघवीचा रंग आणि थकवा यांची चौकशी तरी व्हावी.

नायट्रोफ्युरॅन्टोइनची गोष्ट वेगळी आहे. लघवीला जळजळ आणि वारंवार जावं लागणं यासाठी ते आजकाल पुन्हा बरंच लिहिलं जातं, कारण मूत्रमार्गातले जंतू इतर अनेक औषधांना दाद देईनासे झाले आणि हे जुनं औषध अजून चालतं. नेहमीची मात्रा १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. तेही पेशीत शिरून ऑक्सिडीकारक रेणू तयार करतं, आणि ग्लुटाथायोनला पुन्हा कामाला लावणाऱ्या विकराच्या आड येतं. कागदावर दोष डॅप्सोनसारखाच. पण शरीरातला प्रवास अगदी उलटा. तासाभराच्या आत रक्तातली त्याची पातळी निम्मी होते आणि ते लघवीत जाऊन साठतं. मूत्राशयाचा संसर्ग त्याने बरा होतो आणि रक्तात पसरलेला होत नाही, तो याच कारणाने. लाल पेशींना त्याची झळ थोडा वेळ आणि थोडीच लागते. औषध आणि जनुकं यांच्या संबंधावर मार्गदर्शन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने अलीकडे डॅप्सोनला अधिक धोक्याच्या आणि नायट्रोफ्युरॅन्टोइनला मध्यम धोक्याच्या वर्गात घातलं, ते मला पटतं. सल्फामेथॉक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, क्लोरॅम्फेनिकॉल अशी यादीतली कित्येक जुनी नावं नेहमीच्या मात्रेत जवळजवळ बिनधोक ठरली आहेत. त्यांच्यावर आळ आला तो बऱ्याचदा ज्या संसर्गासाठी ती दिली त्या संसर्गामुळे, कारण टायफॉइड आणि न्यूमोनिया औषधाशिवायही या पेशी फोडू शकतात.

मध्यम म्हणजे चालेल असं मात्र मी म्हणणार नाही. नायट्रोफ्युरॅन्टोइनने पेशी फुटल्याच्या खात्रीच्या नोंदी आहेत, आणि साध्या जळजळीसाठी फॉस्फोमायसिनची तीन ग्रॅमची एकच मात्रा किंवा कल्चर पाहून एखादं सेफॅलोस्पोरिन देता येतं. पर्याय हाताशी असताना धोका कशाला पत्करायचा? जिथे जंतू बाकी सगळ्यांना पुरून उरलेला आहे आणि कल्चरमध्ये हेच एक औषध शिल्लक आहे, तिथे विचार करता येतो. पण तेव्हाही आधी विकराची मोजणी, मग तिसऱ्या आणि सातव्या दिवशी हिमोग्लोबिन.

या औषधाची एक अडचण डॅप्सोनला नाही. ते स्वतःच लघवीला गडद पिवळा, कधी तपकिरी रंग देतं आणि त्यात काही वावगं नसतं. म्हणजे पेशी फुटल्याची सर्वांत सोपी खूण इथे गढूळ होते. त्यात जळजळीवर फिनॅझोपिरिडिन दिलेलं असलं तर लघवी नारिंगी होते, आणि ते औषधही या रुग्णांसाठी अनेक याद्यांत वर्ज्य आहे. केवळ रंगावरून घाबरू नये आणि केवळ रंगामुळेच असेल म्हणून गप्पही बसू नये. लघवीची पट्टी आणि सूक्ष्मदर्शक इथे मदतीला येतात, पण मूत्रमार्गाच्या संसर्गात लघवीत खरंच लाल पेशी असू शकतात, तेव्हा भरवसा हिमोग्लोबिनवर आणि अप्रत्यक्ष बिलिरुबिनवर ठेवावा. दोन्ही जिथल्या तिथे असतील तर रंग औषधाचा.

दुसरी अडचण रुग्ण कोण यात आहे. लघवीच्या जळजळीने येतात त्या मुख्यतः बायका. विकराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने हा पुरुषांचा दोष अशी समजूत पक्की झाली आहे. दोन एक्सपैकी एकावर दोष असलेल्या बाईच्या प्रत्येक पेशीत त्यातलं एकच गुणसूत्र चालू असतं, त्यामुळे तिच्या रक्तात दोन प्रकारच्या पेशींची सरमिसळ असते. चांगल्या पेशी किती आणि सदोष किती हे नशिबावर. गाळणकागदाची चाचणी विकर साधारण तीस टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय बोलत नाही. चाळीस-पन्नास टक्के असलेली बाई तिथे सामान्य ठरते, आणि तिच्या निम्म्या पेशी मात्र भावाच्या पेशींइतक्याच दुबळ्या असतात. बाईची चाचणी करायची तर मोजणीचीच करावी.

आपल्या रुग्णाला एक बहीण आहे असं धरू. वय २८, दिवस भरत आलेले, सदतिसावा आठवडा, आणि लघवीला जळजळ. भावाचा दोष आईकडून आलेला, तेव्हा बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि तिला मुलगा होणार असेल तर तो सदोष निघण्याची शक्यता चारात एक. गरोदरपणात नायट्रोफ्युरॅन्टोइन मधल्या महिन्यांत सर्रास दिलं जातं. दिवस भरत आल्यावर मात्र ते कुठल्याही बाईला देत नाहीत, कारण नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या पेशी ऑक्सिडीकरणापुढे तशाही कच्च्या असतात आणि त्याचं यकृत बिलिरुबिन आवरू शकत नाही. हिच्या बाबतीत तर ते कोणत्याच महिन्यात नको. तिने डॉक्टरांना भावाचा रिपोर्ट दाखवायला हवा. तो रुग्णालयात असताना त्याच्या बहिणी, मावश्या आणि मावसभाऊ यांची चौकशी कुणी केलेली नसते, असा अनुभव आहे. सेफॅलेक्सिन चालेल, कल्चरप्रमाणे दुसरंही चालेल. बाळ महिन्याचं होईपर्यंत अंगावर पाजतानाही नायट्रोफ्युरॅन्टोइन टाळावं, आणि बाळ सदोष निघालं तर त्यानंतरही, कारण थोडं का होईना ते दुधात उतरतं.

बाळाच्या नाळेतलं रक्त विकराच्या मोजणीसाठी पाठवता येतं. रिपोर्ट येईपर्यंत बिलिरुबिन पहिल्या चोवीस तासांत एकदा आणि घरी सोडण्यापूर्वी एकदा मोजावं, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसात पुन्हा बोलवावं, कारण अशा बाळांची कावीळ घरी गेल्यावर चढते. घरी एक काम आजीने आधीच करायचं आहे. ट्रंकेत ठेवलेली आधीच्या बाळांची झबली-टोपडी, दुपटी आणि गोधड्या बाहेर काढून, धुऊन, चांगल्या उन्हात वाळवाव्यात, आणि ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या घराबाहेर टाकाव्यात. त्यांतल्या नॅफ्थालिनची वाफ बाळाच्या त्वचेतून आणि श्वासातून आत जाते आणि डॅप्सोनसारख्याच पेशी फोडते.